कोणता रविवार, आप्पा?

मोठ्या माणसाचा निरोप येतो आणि त्यातली एखादी गोष्ट आपल्याला उलगडत नाही. विचारावे, तर त्यांना वाटायचे की आपल्या लिहिण्यात खोट काढली. न विचारावे, तर ऐन वेळी स्वयंपाक कमी पडतो, नाहीतर पाहुणे दारात उभे आणि घरात चूल थंड. वाचक भगिनींनो, हा पेच जुनाच आहे. पण पूर्वी निरोप आणणारे माणूस समोर असे. त्याला तिथल्या तिथे विचारता येई आणि विचारणाऱ्याचा चेहराही त्याला दिसे. आता मोबाईलवर दोन ओळींचा निरोप येतो आणि दोन ओळींचेच उत्तर जाते. त्या दोन ओळींत ना आवाज असतो, ना हसू. म्हणून साधी शंकाही जाब विचारल्यासारखी वाटते. तसे होऊ नये यासाठी नेमके काय लिहावे, हे आम्ही एकाच निरोपावरून सांगणार आहोत.

समजा, बुधवार आहे आणि महिन्याची १ तारीख. चुलत सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, सूनबाईला निरोप आला : ‘परवा बोलणे झाल्याप्रमाणे पाहुणे पुढच्या रविवारी येत आहेत. १२ ला पोहोचतील. आपण जेवणाचे बघावे. १५ माणसे आहेत.’

वरवर पाहता निरोपात काही अडण्यासारखे नाही. पण सूनबाई पिशवी घेऊन बाजाराला निघाली की अडते. पुढचा रविवार म्हणजे चार दिवसांवर आलेला, ५ तारखेचा, की त्याच्या पुढचा, १२ तारखेचा? आपल्याकडे निम्मी माणसे येणाऱ्या रविवारालाच ‘पुढचा’ म्हणतात आणि निम्मी त्याला ‘हा रविवार’ म्हणून त्यानंतरच्याला ‘पुढचा’ म्हणतात. ‘१२ ला’ म्हणजे बारा वाजता की बारा तारखेला? आपण दोन्हीही तसेच बोलतो. ‘१५ माणसे’ म्हणजे पाहुणेच १५, की दोन्ही घरची आठ माणसे धरून १५? आणि ‘आपण’ हा तर आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द. ‘आपण बसावे’ म्हणताना तो समोरच्याला मान देतो आणि ‘आपण जाऊ’ म्हणताना तोच शब्द दोघांना एकत्र बांधतो. आप्पा सूनबाईला एरवी ‘तू’ म्हणतात. म्हणजे इथे ‘आपण’चा अर्थ दोन्ही घरांनी मिळून असा असावा. पण लिहिताना आप्पांसारखी माणसे थोडी कागदी भाषा वापरतात, हेही खरे. त्यांनी सूनबाईवरच काम सोपवले असेल, तर तेही या शब्दात बसते. (‘परवा’चेही असेच आहे, तो मागचाही आणि पुढचाही. इथे ‘झाल्याप्रमाणे’ हा शब्द मदतीला आला म्हणून बरे.)

मग आप्पांनी निष्काळजीपणे लिहिले का? तसे नाही. १९९० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक बाईंनी एक साधा प्रयोग केला होता. एकाने सर्वांच्या ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटाने टेबलावर धरायचा आणि दुसऱ्याने गाणे ओळखायचे. ठेका धरणाऱ्यांना वाटले, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी अवघी ३ ओळखली गेली. कारण ठेका धरणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणे वाजत असते आणि ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. आप्पांचेही तसेच. पाहुण्यांशी त्यांचे बोलणे झाले, तारीख ठरली, ती त्यांच्या डोक्यात पक्की बसली. त्यांनी ‘पुढच्या रविवारी’ लिहिले तेव्हा त्यांना एकच रविवार दिसत होता. दुसरा एक रविवार असू शकतो हे त्यांना दिसलेच नाही. म्हणूनच ‘तुमचे लिहिणे कळले नाही’ असे कोणी म्हटले की लिहिणारा आधी चकित होतो आणि मग दुखावतो. त्याच्या मते त्याने सारे स्पष्टच लिहिलेले असते.

आता सूनबाई काय लिहिते ते पाहू. पहिल्या झटक्यात हाताला येते ते असे : ‘आप्पा, तुम्ही कोणता रविवार ते लिहिलंच नाही.’ यात खोटे काही नाही आणि शब्दही कडू नाहीत. तरी आप्पांना ते टोचणार. का टोचणार, ते वाक्याच्या बांधणीत दिसते. वाक्याचा कर्ता ‘तुम्ही’, क्रियापद नकाराचे आणि त्याला चिकटलेला ‘च’. मराठीतला हा ‘च’ भारी तिखट आहे. ‘लिहिलं नाही’ ही नोंद झाली. ‘लिहिलंच नाही’ ही तक्रार झाली. बोलताना आवाज मऊ ठेवून तो ‘च’ सांभाळून घेता येतो, लिहिलेल्यात तो उघडा पडतो.

मग ती ते खोडते आणि लिहिते : ‘नक्की काय ते एकदा सांगा ना.’ इथे ‘तुम्ही’ गेले, ‘च’ गेला, शेवटी लाडका ‘ना’ही आला. पण ‘नक्की’ आणि ‘एकदा’ या दोन शब्दांतून असे ध्वनित होते की आप्पांचे मन डळमळते आहे, ते आज एक सांगतात आणि उद्या दुसरे. अर्धवट काळजीने लिहिलेले हे वाक्य पहिल्याहूनही वाईट आहे, असे आम्हाला वाटते. पहिल्याने फक्त चूक दाखवली होती, हे तर स्वभावावर बोट ठेवते.

तिसरा प्रकार फार ठिकाणी दिसतो, तो म्हणजे नुसते ‘म्हणजे?’ किंवा ‘कोणता??’ बोलण्यात ‘म्हणजे?’ निरुपद्रवी असते, कारण सूर वर जातो आणि भुवया उचलल्या जातात. लिहिलेले एकटे ‘म्हणजे?’ मात्र कपाळाला आठ्या घालून उभे राहते. तेच ‘म्हणजे’ वाक्यात कामाला लावले तर काही बिघडत नाही : ‘पुढचा रविवार म्हणजे १२ तारीख का?’ प्रश्नचिन्ह एकच ठेवावे. दोन-तीन ठेवली की ती बोटे नाचवल्यासारखी दिसतात.

चौथा प्रकार दुसऱ्या टोकाचा. ‘आप्पा, मला मेलीला काही कळत नाही, माझंच डोकं चालत नाही, रागावू नका हं, पण…’ हा नम्रपणा आम्हाला मुळीच पटत नाही. दोष आप्पांवर नको म्हणून तो स्वतःच्या डोक्यावर ओढून घ्यायचा, हे कशासाठी? इथे दोष कोणाचाच नाही. दोन रविवार आहेत एवढेच. शिवाय इतकी दिलगिरी वाचून आप्पांनाही अवघडते, आणि क्वचित त्यात टोमणा आहे असेही वाटते. मागासलेपणाचा शिक्का मोठ्या कष्टाने पुसणाऱ्या घरांतल्या लेकीसुनांनी एका तारखेसाठी स्वतःला अडाणी म्हणवून घेऊ नये.

मग लिहायचे कसे? सूनबाईला माहिती हवी आहे ती रविवाराबद्दल, आप्पांच्या लिहिण्याबद्दल नव्हे. तेव्हा प्रश्नात आप्पांचे शब्द आणूच नयेत, रविवार आणावा. आणि क्रियापद स्वतःकडे घ्यावे. मराठीत यासाठी एक सुरेख सोय आहे : करू, धरू, सांगू, आणू. ‘तुम्ही कोणता रविवार म्हणालात?’ या वाक्यात आप्पांनी केलेल्या गोष्टीची चौकशी आहे. ‘रविवार ५ तारखेचा धरू की १२ चा?’ या वाक्यात सूनबाईने पुढे करायच्या कामाची परवानगी आहे. पहिले वाक्य मागे वळून पाहते आणि दुसरे पुढे. मागे वळणाऱ्या प्रश्नात चूक शोधल्याचा वास येतोच. पुढच्या कामाबद्दल विचारले तर तो येत नाही. शिवाय ‘धरू?’ म्हणताना ठरवण्याचा मान आप्पांकडेच राहतो, तोही वेगळ्या शब्दांत मान न देता.

यात आणखी एक गोष्ट घालावी : आत्ताच का विचारते आहे त्याचे कारण. ‘मटणवाल्याला आज सांगून ठेवायचं आहे’ हे पाच शब्द आधी आले की प्रश्न कुठून उगवला ते आप्पांना दिसते. तो त्यांच्या वाक्यातून उगवला नाही, मटणवाल्याच्या दुकानातून उगवला. कारण खरे असावे, बनवलेले नको. घरात खरे कारण नेहमी असतेच. मात्र ‘का’ हा शब्द कारण विचारायला वापरू नये. ‘असं का लिहिलंत?’ याला उत्तर नसते, समर्थन असते.

एवढे धरून सूनबाईचे उत्तर असे होईल : ‘जय भीम आप्पा. निरोप मिळाला, पाहुणे येतायत हे ऐकून बरं वाटलं. मटणवाल्याला आज सांगून ठेवायचं आहे, म्हणून विचारते : रविवार ५ तारखेचा धरू की १२ चा? आणि पाहुणेच १५ धरू की आपली घरची धरून १५?’

यात चारांपैकी दोनच प्रश्न आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. चारही प्रश्न एका दमात विचारले की प्रत्येक प्रश्न साळसूद असला तरी सगळे मिळून उलटतपासणी होते. म्हणून आज ज्यावाचून काम अडते तेवढेच विचारावे. वेळेचा प्रश्न तर रविवाराच्या उत्तराबरोबर आपोआप अर्धा सुटतो. आप्पांनी ‘५ तारीख’ म्हटले, तर ‘१२ ला’ म्हणजे दुपारी बारा वाजता हे उघडच झाले. त्यांनी ‘१२ तारीख’ म्हटले, तर मात्र वेळ अजून कळलेली नाही असे समजावे आणि मग विचारावे, ‘दुपारच्या जेवणाची तयारी ठेवू की संध्याकाळच्या?’ माणसांचा प्रश्न मात्र थांबवून चालत नाही. पाहुणेच १५ असतील तर ताटे २३ होतात, आणि पंधरांच्या मटणात तेवीस माणसे जेवत नाहीत. ‘आपण’चा प्रश्न रविवार जवळ आल्यावर विचारला तरी चालतो, आणि तोही आप्पांच्या शब्दाला हात न लावता : ‘मटण-भाकरी मी इकडे करते. गोडाचं तुमच्याकडे ठेवू की तेही इकडेच करू?’

दोन पर्याय समोर ठेवण्याबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण यातच लोक घसरतात. पुष्कळ जण एकच अंदाज पुढे करतात : ‘५ तारखेलाच ना?’ हे मऊ वाटते, पण यात दोन धोके आहेत. अंदाज चुकीचा निघाला तर आप्पांना ‘नाही’ म्हणावे लागते, आणि ‘लाच ना’ मधून सूनबाईने ते आधीच ठरवून टाकले असाही भास होतो. दुसरा धोका मोठा. आप्पा चष्मा न लावता घाईत वाचतात, त्यांच्या डोक्यात त्यांचा रविवार असतो आणि ते ‘हो’ म्हणून मोकळे होतात. सूनबाई ५ तारखेची तयारी करते, पाहुणे १२ ला येतात. पर्याय दोन ठेवले आणि दोन्हींत आकडे लिहिले, तर आप्पांना एक आकडा निवडावाच लागतो.

तरीही कधी कधी ‘५ तारखेचा की १२ चा?’ याला उत्तर ‘हो’ असेच येते. हसू नका, हे रोज घडते. तेव्हा ‘हो काय? कोणता ते विचारलंय’ असे लिहिले की आधीची सगळी काळजी पाण्यात गेली. आप्पांनी वाचताना एक ओळ गाळली, एवढेच झाले. आता पर्याय न देता काम सांगावे : ‘बरं, १२ तारीख सांगून ठेवते मटणवाल्याला. वेगळी असेल तर संध्याकाळपर्यंत एक फोन करा, म्हणजे बदलता येईल.’ एकट्या अंदाजाचा धोका इथे थोडा उरतोच, पण इथे ‘हो’ ने काही ठरत नाही. चुकीची तारीख वाचून आप्पांना काहीतरी करावे लागते, आणि मटणवाल्याचे नाव आले की माणूस आकडा नीट वाचतो. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही, तर सूनबाईनेच फोन लावावा.

मोबाईलच्या गटावर निरोप आलेला असेल तर गोष्ट आणखी नाजूक होते. तिथे वीस जण बघत असतात. एकट्याला विचारलेली शंका चारचौघांत विचारली की ती चूक दाखवल्यासारखी होते, शब्द तेच असले तरी. म्हणून आप्पांना वेगळे विचारावे. मोबाईलवर समोरच्याचा निरोप वर उचलून त्याखाली उत्तर लिहिता येते. ती सोय कामाची आहे, पण शंका विचारताना ती टाळलेली बरी. त्याचेच वाक्य त्याच्यासमोर पुन्हा ठेवले की पुरावा दाखवल्यासारखे वाटते. अपवाद एवढाच की आप्पांचे पाच-सहा निरोप एकापाठोपाठ आले असतील आणि कशाबद्दल विचारतो आहोत हेच कळणार नसेल.

कचेरीत काम करणाऱ्या आमच्या वाचकांसाठी एक वेगळा इशारा. शब्दकोशात ‘खुलासा’ आणि ‘स्पष्टीकरण’ हे शब्द निरागस आहेत, सरकारी कागदावर ते निरागस नाहीत. कर्मचाऱ्याकडून ‘खुलासा’ मागवतात तो कसूर झाल्यावर. ‘कारणे दाखवा’ नोटिशीलाही खुलासाच द्यावा लागतो. तेव्हा वरून आलेल्या पत्रात ‘मागील वर्षाची माहिती सादर करावी’ एवढेच असेल आणि वर्ष जानेवारीचे की एप्रिलचे ते कळत नसेल, तर ‘याबाबत खुलासा व्हावा’ असे लिहून साहेबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. तिथे रुळलेला शब्द आहे ‘मार्गदर्शन’. ‘माहिती १ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीची सादर करावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन होण्यास विनंती आहे.’ हे ‘किंवा कसे’ कचेरीतले ‘धरू की’च आहे. वाक्य थोडे लांबट झाले तरी चालेल, कागदावर ते शोभते. ‘आपले पत्र संदिग्ध आहे’ असे मात्र खालच्या टेबलावरून वर कधीही लिहू नये, ते कितीही खरे असले तरी.

या सगळ्या काळजीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. औषधाची मात्रा, पैशांचा आकडा, रुग्णालयात पोहोचण्याची वेळ, अशा बाबतीत लिहून विचारण्याच्या भानगडीत पडू नये. ‘आईला ती गोळी दोनदा दे’ असा दिराचा निरोप आला आणि घरात दोन पाकिटे असतील, तर शब्द मऊ करत बसण्यापेक्षा सरळ फोन लावावा आणि पाकिटावरचे नाव वाचून दाखवावे. तिथे अंदाजही पुढे करू नये, कारण घाईतला ‘हो’ तिथे महाग पडतो. दिराला क्षणभर वाईट वाटले तर वाटू द्यावे.

आणि एखादे माणूस दर वेळी असेच तुटक लिहिते, त्याचे काय? त्यासाठी शंकेच्या प्रश्नात चिमटा काढू नये. ‘दर वेळी विचारावं लागतं’ हे वाक्य रविवाराच्या प्रश्नाला जोडले की रविवारही कळत नाही आणि माणूसही बिनसते. पाहुणे जेवून गेल्यावर, चहा घेताना, आप्पांना सांगावे, ‘आप्पा, निरोपात तारखेचा आकडा टाकलात ना, की माझी मटणवाल्याकडची एक फेरी वाचते.’ आप्पा हसतील, ‘हो हो’ म्हणतील आणि पुढच्या वेळी बहुधा पुन्हा ‘पुढच्या रविवारी’ असेच लिहितील. पण एखाद्या वेळी आकडा येतो. तो आला की ‘आता कळलं बघा’ असे लिहू नये, त्यातून आधी कळत नव्हते हे आपोआप सांगितले जाते. ‘१२ तारीख, दुपारी जेवण, २३ माणसं. लागते तयारीला.’ एवढे पुरे. आणि गटावरच्या बाकीच्यांनाही तेच कळवावे, आप्पांच्या नावाने.